बायका लई बोलतात, हे मोजलं कुणी?

बाबांचा आवाज हीच आमच्या घरची मिळकत होती. ते आठवडी बाजारात लेकरांचे कपडे विकायचे. एक दिवस कळमनुरी, एक दिवस पुसेगाव, एक दिवस सेनगाव. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर फ्रॉक, चड्ड्या, टोपडी, आणि मधोमध उभे बाबा. "या मावशी, या! हात लावून बघा, ताणून बघा, फाटलं तर माझ्या तोंडावर आणून फेका!" मुसलमान गिऱ्हाईक दिसलं की त्याच दमात, "आपा, इधर देखो, पोरी के नाप का है." दिवसभर तोंड बंद नसायचं. घरी आले तरी बाजार चालूच. माय मात्र गप्प. तिला हाक मारली तर मान वर करायची, एवढंच तिचं बोलणं.

मी नववीत असताना बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती हवा. तोंडाशी कान नेला तर शब्द कळायचे. बाजारात कुणी तोंडाशी कान नेत नाही. माल ताडपत्रीवर तसाच पडून राहायला लागला. त्या वर्षी आमच्या ताटात भाकरी आणि वाटलेलं तिखट याच्यापलीकडे फारसं काही नव्हतं. अक्का, माझी मोठी बहीण, माझ्याहून हुशार. तिची शाळा सुटली आणि ती हळद निवडायला जायला लागली. संध्याकाळी घरी आली की तिच्या हाताला, केसाला, पापणीला सुद्धा पिवळं असायचं. वर्षभरात तिला कनेरगाव नाक्याजवळच्या गावात देऊन टाकली.

मग माय बाजारात उभी राहिली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेजारी बांगड्यांची गाडी लावणारी चाची होती. ती वैतागली. "अगे, ऐसा गूंगे के सरका खडी रहेगी तो कोन आयेंगा? आवाज दे ना!"

माय म्हणाली, "मला न्हाई येत."

"मेरेकू क्या माँ के पेट में आता था? दे आवाज!"

मायनं आवाज दिला. आधी बारीक, मग मोठा, मग असा की धान्याच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले. दोनेक वर्षांत तिचा गळा बाबांच्या बरोबरीला आला. आणि भावकीतले लोक काय म्हणायला लागले? "बाईमाणूस असून कशी बोंबलून राहिली!" हाच आवाज बाबांचा होता तेव्हा त्याला धंद्याचा गळा म्हणायचे. हे मी तेव्हाच कानात ठेवलं. त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं, पण ठेवलं.

मायच्या त्या ओरडण्यावर मी शिकले. बी.ए. झाले. आमच्या घरात, आईकडून धरा की बापाकडून, पदवीचा कागद त्याआधी कुणी आणला नव्हता. मग एम.ए. मराठीला नाव घातलं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर होता. शिकवायला एक ज्येष्ठ सर होते. माणूस मायाळू. गरिबाच्या पोरांना पुस्तकं द्यायचे. त्यांनी स्वतः परीक्षेसाठी एक गाइड लिहिलेलं होतं आणि आमच्या भागात ते सगळेच वापरायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'स्त्रीभाषेची लक्षणे'. खाली एकेक लक्षण. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त बोलतात. त्यांचं बोलणं मृदू आणि अनिश्चित असतं. 'हो ना', 'की नाही' असे प्रश्न जोडून त्या दुसऱ्याचा आधार शोधतात. पुरुष कमी बोलतो पण मुद्द्याचं बोलतो. एक पोरगं मागून म्हणालं, "सर, मोबाइलवर येऊन राहिलं ना ते, बाई दिवसाला माणसाच्या तिप्पट शब्द बोलती म्हणून." सगळे हसले. सरही हसले. "घरी अनुभव घेतोच आहोत!"

मी हात वर केला. "सर, हे मोजलं कुणी?"

"काय?"

"तिप्पट. कुणीतरी मोजलं असंल ना. कुठं मोजलं?"

सर म्हणाले, "अगं, सर्वमान्य गोष्ट आहे."

"आमच्या घरी उलटं होतं, सर. बाबा बोलायचे, माय गप असायची. आता माय बोलती, बाबा गप असतात."

पुन्हा हशा. सर म्हणाले, "एवढी शंका आहे तर लघुप्रबंध यावरच कर. तूच मोज."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं. मी ते खरं धरलं.

आधी वाचायला बसले. कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर एकच कपाट होतं, तेही अर्धं. बाकी मोबाइलवर. इंग्रजी माझं कच्चं. एक पान वाचायला सकाळ जायची. पण वाचलं. तिप्पट शब्दांचा तो आकडा कुठून आला हे शोधत गेले, तर एका पुस्तकानं दुसऱ्यातून घेतलेला, दुसऱ्यानं तिसऱ्यातून, आणि शेवटी मोजदाद कुठंच नाही. ज्यांनी खरोखर माणसांच्या अंगावर रेकॉर्डर लावून दिवसभराचं बोलणं टिपलं, त्यांना बायका आणि पुरुष जवळपास सारखेच सापडले. एखाद्या वयात बायका थोड्या पुढे दिसल्या, पण तिप्पट वगैरे काही नाही. खरा फरक होता तो माणसामाणसात. एक बाई दिवसभर बोलणारी, दुसरी मुकी. पुरुषांचंही तेच. आणि सभा, बैठक, वर्ग अशा चारचौघांच्या जागी बहुतेक अभ्यासांत जास्त वेळ पुरुषांनीच घेतलेला होता.

प्रश्न जोडण्याचंही तसंच. 'हो ना' म्हणणारी माणसं घाबरूनच म्हणतात असं नाही. कुणी समोरच्याला बोलतं करायला म्हणतं, कुणी त्याचं तोंड बंद करायला. हे वाचलं आणि मला आमच्या गावची ग्रामसभा आठवली. गाव पुसेगावच्या जवळ. सरपंच बाई, पण बोलायचे तिचे मालक. त्यांचं प्रत्येक वाक्य असं संपायचं, "बराबर हाय की न्हाई?" आता या प्रश्नात आधार शोधणं कुठं आहे? त्यांनी 'की न्हाई' म्हटलं की समोरच्यानं 'व्हय' म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मी ठरवलं, ग्रामसभेपासूनच सुरू करायचं.

रेकॉर्डर म्हणजे माझा मोबाइल. पंचायतीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की मी अभ्यासासाठी बोलणं टिपणार आहे, नाव कुणाचंच येणार नाही, ज्याला नको त्यानं सांगावं. म्हणून प्रबंधात कुणाचं नाव नाही, आणि इथंही नाही. सरपंचबाईंचे मालक मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "घे घे, आमचं भाषण शिकवा कालिजात." पहिल्या एकदोन सभा वायाच गेल्या. मोबाइल दिसला की एकजण भाषण ठोकायचा, दुसरा शुद्ध बोलायला जायचा आणि मधेच अडकायचा. ते मी बाजूला ठेवलं. पुढं लोकांना मोबाइलचा विसर पडला, तेव्हा खरं बोलणं आलं.

मोजायला मदतीला बाबा होते. आवाज गेल्यापासून ते घरी बसून असायचे, कुणी बोलायला येत नसे, कारण त्यांचं ऐकायला तोंडाशी कान न्यावा लागतो आणि लोकांना तेवढी सवड नसते. मी त्यांच्या कानाला इयरफोन लावला आणि हातात मायचा मोबाइल दिला, स्टॉपवॉच चालू करून. बाई बोलली की एक खूण, माणूस बोलला की दुसरी, किती वेळ ते शेजारी. तेच ध्वनिमुद्रण माझी एक मैत्रीण वेगळं बसून मोजायची. दोघांचं जुळलं नाही तिथे मी तिसऱ्यांदा ऐकायची. बाबा ऐकता ऐकता कुजबुजायचे. एकदा मी कान नेला तर म्हणाले, "हा मेला पाण्याच्या टाकीवरून सुरू झाला आन् त्याच्या आज्यावर जाऊन थांबला. आन् म्हणं बायका फाटे फोडतात."

निघालं ते असं. आमच्या ग्रामसभेत बाया पुरुषांपेक्षा फार कमी वेळ बोललेल्या होत्या. सभा सुटल्यावर मी पारावर बसलेल्यांना विचारायची, आज जास्त कोण बोललं? एकाच उत्तराचे वेगवेगळे पाठ. "बायांनीच डोकं खाल्लं." एकानं तर सांगितलं, "निम्म्याहून जास्त त्यांचंच चालू होतं, आमाला तोंड उघडू देईनात." आणि बाबांच्या खुणा सांगत होत्या की त्या दिवशी बाया दोनदाच बोलल्या, तेही पटकन.

याच पारावर मी पुढं तासन् तास मोबाइल ठेवला. कुणाची सून, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी कोणता पाव्हणा आला. बचत गटातल्या बायांच्या बोलण्याशी ते ताडून बघितलं. विषय वेगळे नव्हते. फक्त पारावरच्याला चर्चा म्हणतात.

मी बचत गटात गेले तेव्हा मला वाटलेलं आणखी एक उडालं. 'पुरुषच बायांना मधेच तोडतात' असं मी कुठंतरी वाचलं होतं, आणि मला ते आवडलंही होतं. पण गटात बाया एकमेकींच्या बोलण्यावर सारख्या बोलायच्या, आणि त्यात तोडणं नव्हतं. एक सांगायची, दुसरी तिचं वाक्य पुरं करायची, तिसरी "व्हय व्हय, तसंच झालं" म्हणायची. ज्यांनी याचा अभ्यास केला त्यांचंही एकमत नाही. कुठे पुरुष जास्त तोडताना दिसले, कुठे फरकच नाही. आणि तोडणं कशाला म्हणायचं यावरच भांडण आहे. मी ते तसंच लिहिलं. आवडीचं असो की नसो, जे सापडलं ते लिहायचं.

एक फरक मात्र मला खरा सापडला. मला सोडलं तर आमच्या गल्लीतल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरी 'आम्ही', 'नाही', 'कशाला' म्हणतात. त्यांच्याच वयाची, त्याच वर्गातली पोरं 'आमी', 'न्हाई', 'काहून'. पुष्कळ शहरांतल्या अभ्यासांतही बाया प्रमाण भाषेकडे जास्त झुकलेल्या दिसतात. मी खूश झाले, म्हटलं हे तरी पक्कं. पण मायच्या वयाच्या बाया मोजल्या तर उलटं. त्यांच्या बोलण्यात 'काहून' जास्त, आणि बाबांसारख्या बाजार हिंडलेल्या पुरुषांत कमी. ज्याला शाळा मिळाली, रस्ता मिळाला, त्याची भाषा बदलली. बाईला रस्ता मिळाला तर तिची बदलते. मायचं बघा ना. बाजारात उभी राहिल्यावर ती 'तकलीफ'च्या जागी 'त्रास' म्हणायला लागली, आणि चाचीशी हिंदी.

तरी मला हे सगळं एका वाक्यात बसवता येत नव्हतं. मी पहिला मसुदा लिहिला, 'या भागातील पुरुष जास्त बोलतात, स्त्रिया गप्प असतात.' सरांच्या फळ्यावरचं वाक्य उलटं करून टाकलं आणि माझी छाती फुगली.

मग अक्का माहेरी आली.

तिच्या सासरच्या गावची ग्रामसभा मी आधीच टिपली होती. तिच्या गल्लीला नळाचं पाणी येत नव्हतं. ती मागं बसलेली, डोक्यावर पदर. पुढच्या खुर्चीवर तिचे भाया, नवऱ्याचे थोरले भाऊ. भायासमोर सून तोंड वर करून बोलत नाही, हा तिकडचा रिवाज आणि आमच्याकडचाही. तिचा आवाज टिपायला मला मोबाइल कानाला लावावा लागला. "ते पाण्याचं... म्हणजे जमलं तर... जरा बघता का..." बाबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

पंचमीला ती आमच्या गावी आली आणि नेमकी तेव्हाच सभा होती. आमच्या गल्लीचंही पाण्याचंच रडगाणं. अक्का मायसोबत येऊन बसली, पदर खांद्यावर, आणि सरपंचबाईंच्या मालकांनी "पाणी सगळ्यांला मिळून राहिलं, बराबर हाय की न्हाई?" म्हणायचा अवकाश, ही उठली.

"काय बराबर? आमच्या गल्लीत येऊन बघा की एकदा! वरच्या आळीत बैल धुवायला पाणी, आन् माझी माय हंडा घेऊन हिंडती!"

"अगं अक्का, ऐकून तरी घे..."

"ऐकलं लई वर्षं! तुमी दादा, आधी सांगा, व्हॉल्व कोण बंद करतं?"

"तुझं तर मतदान बी इथं न्हाई आता," ते हसत म्हणाले. "तिकडं नाक्याला, सासरी विचार की."

"मतदान न्हाई, माय तर हाय ना इथं! तिला पाणी द्या, मग काढा मला भाईर!"

सभा हसली. एक म्हातारा म्हणाला, "लेक हाय गावची, बोलू द्या." त्यातले पहिले तीन शब्द मी घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकले. लेक हाय गावची. तीच बाई, तोच विषय, तेच पाणी. तिकडं सून, इकडं लेक.

मी मसुदा बाजूला ठेवला. माहेर आणि सासर दोन्हीकडे भेटतील अशा आणखी काही बाया शोधल्या. सगळ्या बदलल्या असं नाही. एकीची दोन्हीकडे टकळी, एक दोन्हीकडे घुमी. पण बहुतेकींचं बोलणं गाव बदललं की बदलायचं. आणि मग मला सुचलं की सासरी राहणारे पुरुषही असतात.

आमच्या गावात एक घरजावई आहेत. वीसेक वर्षं झाली तरी गाव त्यांना 'पाव्हणं'च म्हणतं. उंच, दणकट, बैल एका हातानं आवरणारा माणूस. सभेत ते शेवटच्या ओळीत बसतात. एकदा त्यांच्या शेतरस्त्याचा विषय निघाला. मोबाइलवर त्यांचं बोलणं आहे. "म्हणजे... तुमा सगळ्याइला वाटलं तर... मला आपलं वाटलं, रस्त्याचं बघता आलं तर..." तेवढ्यात त्यांच्या मेव्हण्यानं विषय दुसरीकडे नेला. ते खाली बसले.

बाबांनी इयरफोन काढला. मला जवळ बोलावलं. "ही तर अक्काच हाय," ते कुजबुजले.

तिथं माझं शेवटचं प्रकरण सापडलं. ज्याला आपण बाईची भाषा म्हणतो, तिच्यातली बरीचशी दबलेल्या जागेची भाषा आहे. त्या जागी जास्त करून बाया बसवलेल्या आहेत, म्हणून ती बाईची वाटते. पुरुषाला त्या जागी बसवा, तोही तसाच बोलतो. मी असं लिहिलं, आणि शेजारी हेही लिहिलं की दोनेक गावांवरून, थोड्या माणसांवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही.

सरांनी ते प्रकरण वाचलं आणि मला दुपारी स्टाफरूममध्ये बोलावलं. दुसरं कुणी नव्हतं.

"मेहनत आहे," ते म्हणाले. "पण शेवट बदल. हे चालणार नाही."

"काहून सर?"

"बाहेरून परीक्षक येणार. प्रचलित सिद्धांत एक आणि तू सांगतेस भलतंच. शिवाय माझ्या पुस्तकात..." ते थांबले. "तू लिही, 'काही अपवाद वगळता स्त्रीभाषेची लक्षणे येथेही आढळतात.' मी लगेच सही करतो."

सही नसेल तर प्रबंध जमा होत नाही, प्रबंध नसेल तर निकाल नाही. आणि निकाल लांबला की माझं काय होणार ते घरात ठरलेलं होतं. काकानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. "एम.ए. होऊ द्या, मग बघू," असं मायनं त्याला भर अंगणात सुनावलं होतं. एम.ए. झालंच नाही तर तिच्या शब्दाला काही किंमत उरणार नव्हती. अक्काची शाळा सुटली होती, माझी डिग्री सुटायची वेळ आली होती.

मी मोबाइल काढला. "सर, दोन तुकडे ऐका. मग सांगा."

आधी सासरचा आवाज लावला. सर लगेच म्हणाले, "हेच! अनिश्चितता, अर्धी वाक्यं. हीच स्त्रीभाषा."

मग माहेरचा. सरांनी भुवया वर केल्या. "ही शिकलेली दिसते. पुढारी असेल. अपवाद."

"सर, दोन्ही माझी अक्का आहे. दहावीतच शाळा सुटलेली."

सरांनी प्रबंधाची पानं चाळली. मग म्हणाले, "एका बाईवरून..."

"एका न्हाई सर, बाकीच्याही आत लिहिल्या आहेत. जिथं जुळलं न्हाई तेही लिहिलंय. आन् हा तिसरा आवाज ऐका." घरजावयाचा लावला. सर ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि गेलं.

"तरी शेवट बदलावा लागेल."

इथं मला गप्प बसता आलं असतं. एक वाक्य बदलायचं, सही घ्यायची, घरी जायचं. सरांचे उपकार होते माझ्यावर. त्यांचीच पुस्तकं माझ्या पिशवीत होती. पण मायनं बाजारात उभं राहून ओरडून मला शिकवलं, ते असं वाक्य लिहायला नाही.

"सर, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"परवा संस्थेचे अध्यक्ष साहेब आले होते. मी दाराशी उभी होते. ग्रंथालयाला कपाट पाहिजे, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही काय म्हटलं ते मला आठवतं. 'साहेब, म्हणजे, आपल्याला योग्य वाटलं तर, एक छोटीशी विनंती होती.' आणि साहेबांनी मधेच फोन घेतला आणि तुम्ही थांबलात." मी श्वास घेतला. "वर्गात तुम्ही असं बोलत न्हाई, सर. मग त्या दिवशी तुम्ही बाईची भाषा बोलत होतात का?"

सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाहेर जा," ते म्हणाले.

मी प्रबंध टेबलावर तसाच ठेवला आणि बाहेर आले. बसमध्ये बसल्यापासून डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, पण मान खाली गेली नव्हती. घरी मायला सांगितलं. ती माल बांधत होती, हात थांबला नाही. "खरं बोललीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग रडती काहून? काकाला मी बघते. एक वर्ष आणखी लागलं तर लागू दे. बाजार कुठं पळून चालला का?"

पुढच्या आठवड्यात शिपाई वर्गात आला आणि माझ्या हातात प्रबंध दिला. शेवटच्या पानावर सही होती. खाली सरांच्या बारीक अक्षरात एकच ओळ. 'निष्कर्षाशी मार्गदर्शक पूर्णतः सहमत नाही. परंतु मोजणी तपासली आहे, ती बिनचूक आहे.' मला ती ओळ शाबासकीपेक्षा मोठी वाटते. न पटणाऱ्या गोष्टीवर सही करायला पाठीचा कणा लागतो, आणि तो सरांकडे होता हे मी कुठंही सांगेन.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे स्त्री-पुरुषांच्या बोलण्यात फरकच नसतो, असं तुमचं म्हणणं?"

"न्हाई मॅडम. फरक असतो. आवाजाच्या पट्टीत असतो, कुठे उच्चारात असतो, सभेत कुणाला किती वेळ मिळतो यात तर फारच असतो. पण तो सगळीकडे सारखा नसतो, बहुतेक वेळा लहान असतो, आणि बायाबायांतला फरक त्याहून मोठा असतो. 'बायका लई बोलतात' हे मात्र कुठल्याच मोजणीत नीट उभं राहत न्हाई. आमच्या गावात तर न्हाईच न्हाई."

मॅडम सरांकडे बघून म्हणाल्या, "बोलते छान तुमची विद्यार्थिनी."

"बोलते," सर म्हणाले. "आणि मोजूनही दाखवते."

काकाचं स्थळ परत गेलं. आमच्या गल्लीत पाणी आता एक दिवसाआड येतं. अक्काच्या सासरच्या गल्लीत अजून येत नाही, आणि ती तिथं अजून मागंच बसते. ते माझ्या प्रबंधानं बदललं, असं खोटं मी लिहिणार नाही. बाबा मात्र पारावर जाऊन बसायला लागलेत. कुणी बायांच्या बडबडीचं काढलं की बोट वर करतात, आणि लोकांना त्यांच्या तोंडाशी कान न्यावाच लागतो.

माझा प्रबंध मान्य झाला, शेवटचं प्रकरण मी लिहिलं होतं तसंच. मी एम.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. आज हिंगोलीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच पेपर मी शिकवते, आणि 'स्त्रीभाषेची लक्षणे' असं फळ्यावर लिहिलं की खाली पहिली ओळ घालते, 'हे मोजलं कुणी?'